औषधाच्या माहितीपत्रकाचा स्क्रीनशॉट: नेहमीचे त्रास आणि तातडीचे त्रास वेगळे कसे काढायचे

पुण्यात मेडिकलमधून दहा गोळ्यांच्या स्ट्रिपऐवजी सहा गोळ्या कापून घेतल्या की माहितीपत्रक मिळत नाही. मग घरातलं कुणीतरी इंटरनेटवर ते शोधतं, दुष्परिणामांच्या भागाचा स्क्रीनशॉट काढतं आणि घरच्या ग्रुपवर टाकतं. त्यात चाळीस-पन्नास त्रासांची इंग्रजी यादी असते. ती वाचून कुणी पहिल्याच जुलाबाला गोळी बंद करतं, तर कुणी सगळंच धोक्याचं दिसतंय म्हणून यादीकडे लक्षच देत नाही. यादीतून कामाचा कागद कसा काढायचा, ते इथे एकाच औषधावर शेवटपर्यंत करून दाखवलं आहे.

औषध आहे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडची ६२५ ची गोळी. दाढेचं दुखणं, सायनस, छातीतला कफ अशा कितीतरी कारणांनी ही घराघरात येते. शिवाय हिची यादी शिकायला चांगली आहे, कारण तिच्यात अगदी किरकोळ आणि अगदी गंभीर त्रास एकाच मथळ्याखाली शेजारी शेजारी बसलेले आहेत. समजा, एरंडवण्यात राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या गृहस्थांना सायनससाठी सात दिवस, सकाळी एक आणि रात्री एक अशी ही गोळी दिली आहे. त्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही आणि पूर्वी या औषधाने कावीळ झालेली नाही. या दोन्हींपैकी काही असतं तर यादी वाचत बसायचंच नव्हतं. गोळी न घेता डॉक्टरांना फोन करायचा होता.

आधी स्क्रीनशॉट तपासा

स्क्रीनशॉटमध्ये औषधाचं नाव दिसतंय का, ते पाहा. बहुतेक वेळा दिसत नाही, कारण नाव पानाच्या अगदी वर असतं आणि दुष्परिणाम चौथ्या विभागात. नाव नसलेला स्क्रीनशॉट वापरू नका. मूळ पानावर परत जा आणि नाव, घटक आणि ताकद दिसेल असा पहिला स्क्रीनशॉट घ्या. तो हातातल्या स्ट्रिपशी जुळवा. मेडिकलवाल्याने स्ट्रिप अशी कापली असेल की नावाचा तुकडा त्याच्याकडेच राहिला, तर बिलावर नाव आणि बॅच नंबर असतो. बिल नसेल तर परत जाऊन मागून घ्या.

ताकद जुळवणं इथे विशेष महत्त्वाचं आहे. ६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड. ३७५ च्या गोळीत अमॉक्सिसिलिन २५० असतं, पण क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड तेच १२५. म्हणून ६२५ संपली म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या तर अमॉक्सिसिलिन बरोबर पडतं आणि क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड दुप्पट होतं. जुलाबाचा त्रास मुख्यतः त्याच्यामुळेच वाढतो. यादी बरोबर आणि गोळी वेगळी, असं झालं तर पुढची सगळी मेहनत वाया.

मग कडा पाहा. उजवीकडची कड मोबाइलवर हमखास कापली जाते. डॉक्टरांसाठी लिहिलेल्या भारतीय माहितीपत्रकात हे त्रास पुष्कळदा तक्त्यात असतात: डावीकडे शरीराचा भाग, मध्ये त्रास, उजवीकडे किती जणांना होतो ते. उजवा रकाना गेला की सगळी यादी सारखीच दिसायला लागते. फोन आडवा धरून पुन्हा स्क्रीनशॉट घ्या. पान दोन स्तंभांत छापलेलं असेल तर प्रत्येक स्तंभाचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर एका स्तंभाची अर्धी ओळ दुसऱ्या स्तंभाच्या ओळीला चिकटवून वाचली जाते.

एका स्क्रीनशॉटच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्याच्या सुरुवातीला पुन्हा यायला हव्यात. असं केलं की मधलं काही गळलं नाही याची खात्री होते. यादीचा सगळ्यात गंभीर भाग शेवटी, 'प्रमाण माहीत नाही' या मथळ्याखाली असतो आणि नेमका तोच पान उलटताना सुटतो. पत्रक शेवटचं कधी सुधारलं याची तारीख तळाशी असते, तिचाही एक स्क्रीनशॉट हवा. जुन्या पत्रकात अलीकडे जोडलेल्या गोष्टी नसतात. उदाहरणार्थ, अ‍ॅलर्जीसोबत छातीत दुखणं हे या औषधाच्या नव्या पत्रकांत दिसतं, जुन्यांत नाही.

ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षरं पुसट होतात आणि एखादं शून्य सहज गायब होतं. हजारात एकाचं शंभरात एक व्हायला तेवढं पुरतं.

मथळे मोजणीचे आहेत, घाईचे नाहीत

पत्रकातले मथळे एका ठरलेल्या मापाने लावलेले असतात. पहिल्या गटात दहातल्या एकापेक्षा जास्त जणांना होणारे त्रास. दुसऱ्यात दहातल्या एकापर्यंत, तिसऱ्यात शंभरातल्या एकापर्यंत, चौथ्यात हजारातल्या एकापर्यंत आणि पाचव्यात दहा हजारांतल्या एकापेक्षाही कमी जणांना होणारे. यानंतर येतो 'प्रमाण माहीत नाही'. त्याचा अर्थ, हे त्रास औषध बाजारात आल्यावर लोकांनी कळवले, पण किती जणांनी औषध घेतलं त्यातल्या कितींना ते झाले, याचा हिशेब उपलब्ध माहितीवरून मांडता येत नाही.

यातला एकही मथळा 'किती लवकर दवाखान्यात जायचं' हे सांगत नाही. आपल्या औषधात पहिल्या गटात जुलाब आहेत. दुसऱ्यात मळमळ, उलटी आणि बुरशीचा संसर्ग. तिसऱ्यात पुरळ, खाज, गांधी, अपचन, चक्कर, डोकेदुखी. चौथ्यात चकत्यांसारखे दिसणारे लाल डाग आणि रक्ततपासणीतच कळणारे बदल. आणि 'प्रमाण माहीत नाही' यात काय आहे पाहा: जीभ काळी आणि केसाळ दिसणं, आणि त्याच यादीत घसा सुजून श्वास अडकणं, कातडी सोलवटणं, कावीळ, आकडी. काळी जीभ भीतिदायक दिसते, पण ती बिनधोक असते आणि बहुधा आपोआप जाते. शेजारच्या चारही गोष्टींत तासांचा, कधी मिनिटांचा प्रश्न असतो.

म्हणून मथळ्यावरून ढीग करायचे नाहीत. मथळा प्रत्येक त्रासापुढे पेन्सिलीने लिहून ठेवा. ढीग वेगळ्या प्रश्नांवरून करायचे.

प्रत्येक ओळ डोळ्यांना दिसेल अशी लिहा

ढीग करण्याआधी वैद्यकीय शब्दांचं दिसणाऱ्या खुणांमध्ये रूपांतर करावं लागतं. नुसतं लिप्यंतर करून भागत नाही. 'कोलेस्टॅटिक जॉन्डिस' असं कागदावर लिहून घरातल्या कुणालाही काही कळणार नाही. लिहायचं ते असं: डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, लघवी कोऱ्या चहासारखी गडद, शौचाचा रंग फिका, अंगाला पुरळाशिवाय खाज.

'अँजिओएडिमा' म्हणजे ओठ, जीभ, पापण्या किंवा घसा सुजणं. 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' म्हणजे गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत अंगभर गांधी, धाप किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी. 'स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम' आणि 'टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस' या दोन्हींसाठी घरगुती कागदावर एकच ओळ पुरते: ताप, दुखरं पुरळ, फोड, कातडी सुटणं, तोंड, डोळे किंवा लघवीची जागा सोलवटणं. 'स्यूडोमेंब्रेनस कोलायटिस' म्हणजे वारंवार पातळ शौच, त्यात रक्त किंवा शेंबडासारखी आव, पोटात मुरडा, ताप. 'क्रिस्टॅल्युरिया' म्हणजे औषधाचे कण लघवीत जमणं. बाहेरून कळतं ते लघवी कमी होणं, लाल होणं किंवा दुखणं. हा त्रास टाळायला दिवसभर पाणी पुरेसं जायला हवं.

यादीत अशाही ओळी असतात ज्या घरी दिसूच शकत नाहीत: यकृताच्या एन्झाइममध्ये वाढ, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी होणं. त्या कागदावरून सरळ काढून टाकायच्या, पण त्यांची बाहेर दिसणारी खूण ठेवायची. प्लेटलेट कमी झाल्या तर विनाकारण निळे डाग आणि हिरड्यांतून रक्त, पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर नवा ताप आणि घसा दुखणं.

आता ढीग

विषय दोन ढिगांचा असला तरी मध्ये आणखी एक लागतोच, नाहीतर अर्ध्या गोष्टी जबरदस्तीने इकडे किंवा तिकडे ढकलाव्या लागतात. पहिला ढीग: गोळी चालू ठेवून घरी सांभाळण्यासारखं. दुसरा: पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. तिसरा: गोळी बंद आणि लगेच दवाखाना.

तिसऱ्या ढिगासाठी प्रत्येक ओळीला विचारायचं: यात श्वास, घसा किंवा चेहऱ्याची सूज आहे का? शुद्ध हरपणं, आकडी किंवा छातीत दुखणं आहे का? कातडी किंवा तोंडाची आतली त्वचा सुटतेय का? शौचातून किंवा लघवीतून रक्त जातंय का? डोळे पिवळे आहेत का, लघवी बंद झालीय का? एकाला जरी 'हो' आलं तर ती ओळ तिसऱ्या ढिगात, मग तिच्यापुढे पेन्सिलीने काहीही लिहिलेलं असो.

खरी अडचण येते ती एकच शब्द एकाहून जास्त ढिगांत जातो तेव्हा. आपल्या औषधात जुलाब आणि पुरळ हे असे दोन शब्द आहेत आणि घरोघरी फोनाफोनी याच दोघांवरून होते.

जुलाब. साधे पातळ शौच, दिवसातून तीन-चार वेळा, ताप नाही, रक्त नाही, माणूस पाणी पितोय आणि लघवीला जातोय: पहिला ढीग. गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर हा त्रास आणि मळमळ दोन्ही कमी होतात. रिकाम्या पोटी किंवा जेवून तासाभराने घेण्याची सवय असेल तर आधी ती बदला. ओआरएसचं पाकीट उघडण्याआधी त्यावर किती पाण्यासाठी आहे ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट एका पेल्यात ढवळून दिलं की मिठाचं प्रमाण भलतंच वाढतं आणि जुलाब उलट बळावतात. शौच दिवसातून सहाच्या पुढे गेलं, किंवा दोन दिवसांत कमी होत नसेल: दुसरा ढीग. सत्तरीच्या माणसाला मी तर सहाचीही वाट पाहायला सांगणार नाही. तोंड कोरडं पडलं आणि उठताना चक्कर आली की फोन करावा. रक्त, आव, मुरडा आणि ताप: तिसरा ढीग. आणि या तिसऱ्या प्रकारात जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी मेडिकलमधून आणून द्यायची नाही, कारण आतड्याची हालचाल थांबली की आतलं विष आतच साठून राहतं. हे जुलाब गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही सुरू होऊ शकतात.

पुरळ. सपाट लालसर ठिपके, खाज थोडी, बाकी माणूस बरा: दुसरा ढीग, पहिला नाही. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाने आलेलं पुरळ पुढच्या आयुष्यातल्या प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर परिणाम करतं, म्हणून डॉक्टरांनी ते पाहायलाच हवं. उजेडात एक फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ते बदललेलं असतं. गांधी उठल्या तर पुढची गोळी नाहीच आणि डॉक्टरांना लगेच फोन. गांधींसोबत ओठांची सूज, धाप किंवा अंधारी असेल, तसंच पुरळावर फोड आले, ते दुखू लागलं, तोंडात किंवा डोळ्यांत शिरलं: तिसरा ढीग.

बुरशीचा संसर्ग म्हणजे तोंडात पांढरे चट्टे किंवा बायकांना खाज आणि पांढरं जाणं. अँटिबायोटिकने नेहमीचे जंतू कमी झाले की बुरशीला जागा मिळते. हा पहिला ढीग, फक्त डॉक्टरांना सांगायचं.

माणूस पाहून ढीग बदलतात

आता पेन्सिलीने लिहिलेले आकडे बाजूला ठेवून औषध घेणाऱ्या माणसाकडे पाहा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी चालू असेल तर या अँटिबायोटिकने रक्त आणखी पातळ होऊ शकतं. मग हिरड्यांतून रक्त येणं 'फोन'मधून 'लगेच'मध्ये जातं, आणि खरं तर पहिल्या गोळीआधीच डॉक्टरांना आठवण करून द्यायची होती. किडनीचा आजार असेल तर औषध शरीरात साठतं आणि आकडीची शक्यता वाढते.

आपल्या गृहस्थांना हे दोन्ही नाही. पण त्यांच्या बाबतीत काविळीची ओळ ठळक करायची, कारण या औषधाची कावीळ पुरुषांत, वयस्करांत आणि जास्त दिवस औषध घेणाऱ्यांत अधिक दिसते. तिची फसवी बाजू म्हणजे वेळ. गोळ्या संपून काही आठवडे गेल्यावरही ती उगवू शकते. तेव्हा स्ट्रिप कचऱ्यात गेलेली असते, कुणाला गोळीची आठवण नसते आणि नवीन डॉक्टर पाण्यातून झालेल्या काविळीचाच विचार करतात. म्हणून कागदावर पहिल्या आणि शेवटच्या गोळीची तारीख लिहायची आणि तो कागद गोळ्या संपल्यापासून किमान दोन महिने जपून ठेवायचा.

ग्रुपवर टाकायचा मजकूर

सुनेने सासऱ्यांसाठी लिहिलेला तयार मजकूर असा होतो:

"बाबा, ६२५ ची गोळी सकाळ-रात्री जेवायला बसताना घ्या. पहिली गोळी सोमवारी रात्री, शेवटची पुढच्या सोमवारी सकाळी.

थोडे पातळ जुलाब, मळमळ, तोंडात पांढरे चट्टे, जीभ काळी दिसणं: घाबरू नका, गोळी चालू ठेवा, मला सांगा.

अंगावर पुरळ किंवा गांधी, सारखी उलटी, जुलाब दिवसातून सहाच्या वर, उठताना चक्कर: पुढची गोळी घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन.

ओठ-जीभ-घसा सुजणं, धाप, छातीत दुखणं, बेशुद्धी, आकडी, फोड किंवा कातडी सुटणं, शौचात रक्त, डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अगदी कमी: गोळी बंद, लगेच दवाखाना. डोळे आणि लघवीकडे गोळ्या संपल्यावरही दोन महिने लक्ष ठेवा."

एवढंच. सगळे पन्नास त्रास लिहिण्याचा मोह टाळा. लांबलेला मजकूर फ्रिजवर चिकटतो, पण वाचला जात नाही. शेवटी मूळ स्क्रीनशॉटही पाठवा, डॉक्टरांना दाखवायला तोच लागतो. हा मजकूर दुसऱ्या कुणाला पुढे पाठवायचा असेल तर आधी नाव, ताकद आणि त्या माणसाचे आजार पुन्हा जुळवा. नातवाच्या सिरपला बाबांचा कागद चालत नाही.

तिसऱ्या ढिगातलं काही झालं तर १०८ ला फोन करा. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत माणसाला झोपवून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका किंवा चालवू नका. घरातली सेट्रिझिन देऊन 'बघू उतरतंय का' असं करत थांबू नका. ती खाज कमी करते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. त्यासाठी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं. दवाखाना दोन गल्ल्यांवर असेल आणि गाडी दारात असेल तर निघा, मात्र चक्कर येणाऱ्या माणसाला स्कूटरवर डबलसीट नेऊ नका. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांत तातडी विभाग रात्रीही चालू असतो. सोबत स्ट्रिप, बिल आणि हा कागद घ्या आणि दारातच सांगा: कोणती गोळी, शेवटची किती वाजता घेतली, त्रास किती वाजता सुरू झाला.

जीव सावरल्यावर एक काम उरतं. औषधाचा दुष्परिणाम रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात, देशाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाची विनामूल्य हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. ती नोंदीसाठी आहे, उपचाराच्या सल्ल्यासाठी नाही, आणि कार्यालयीन वेळेत चालते. त्यांना औषधाचं नाव, बॅच नंबर, सुरू आणि बंद केल्याची तारीख, त्रासाचं वर्णन आणि सोबत चालू असलेली इतर औषधं लागतात. 'प्रमाण माहीत नाही' या मथळ्याखालच्या बऱ्याच ओळी अशाच नोंदींतून आलेल्या असतात.